दगडीची चार औषधं आणि एक बाद सड : आमच्या डेअरीतल्या भाषणावरून

बाणगंगाकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो. परवा आमच्या गावच्या दूध संस्थेत जनावरांच्या एका निवृत्त डॉक्टरांचं भाषण झालं, विषय गाई-म्हशींना दिली जाणारी अँटिबायोटिक्स आणि त्यांना दाद न देणारे जंतू. पन्नासेक माणसं होती, त्यातली निम्मी चहासाठी आलेली. मीपण फार अपेक्षा ठेवून गेलो नव्हतो, पण ऐकून घरी आलो आणि रात्री झोप लागेना, कारण ते जे जे करू नका म्हणाले ते सगळं मी गेल्या चार महिन्यांत ओळीनं केलंय.

त्यांनी आल्या आल्या विचारलं, वर्षभरात कुणाच्या गोठ्यात दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली? बहुतेक सगळे हात वर. मग म्हणाले, औषध द्यायच्या आधी दूध तपासायला कुणी पाठवलं? एकही हात नाही. मग म्हणाले आता कुणीतरी आपल्या एका गाईची सगळी कहाणी सांगा, तारखेसकट. कोण बोलेना म्हणून मी उठलो.

माझी गाय एचएफ क्रॉस, तिसरं वेत, वेलेली तेव्हा दिवसाला १६ लिटर. उजवा मागचा सड सुजला, दुधात गुठळ्या. ताप नव्हता, खात होती. गावात येणाऱ्या माणसाला बोलावलं (डॉक्टर नाही, पण सगळे डॉक्टरच म्हणतात), त्यानं सेफ्ट्रायॅक्सोनचं इंजेक्शन मारलं. दुसऱ्या दिवशी परत एक. तिसऱ्या दिवशी दूध साफ, मग कशाला बोलवा, पाचशे रुपये वाचले. बारा दिवसांनी परत गुठळ्या. ह्यावेळी मेडिकलमधून सडात सोडायच्या ट्यूबा आणल्या, तीन सोडल्या, बरं वाटलं. तीन आठवड्यांनी परत तेच. मग एन्रोफ्लॉक्सासिन, म्हणजे एन्रो, तीन दिवस. मग ऑक्सिटेट्राचं ते जास्त दिवस चालणारं. आता तो सड दगडासारखा आहे, पाण्यासारखं पाव लिटर निघतं, बाकी तीन सडांवर गाय ११ लिटरवर आलीय.

डॉक्टर रागावतील वाटलं होतं पण ते म्हणाले, तुम्ही चार औषधं बदललीत, आणि एकदाही तुम्हाला माहीत नव्हतं की आत कोण बसलंय. गुठळ्या थांबल्या म्हणजे जंतू गेला असं नाही, सूज उतरली एवढंच. तुमचा जंतू पहिल्या दिवसापासून तिथंच होता.

मग त्यांनी सांगितलं ते थोडक्यात, दगडीच्या तीन पायऱ्या मानायच्या. नुसतं दूध खराब ही पहिली, दूध खराब आणि सडही सुजलेला ही दुसरी, आणि गायच आजारी म्हणजे ताप, खाणं बंद, कान गार, उठत नाही ही तिसरी. तिसरीत एक तास थांबायचं नाही, लगेच पदवीवाला डॉक्टर आणि जे लागेल ते. पण पहिल्या दोन्हींत दुधाचा नमुना घ्यायचा, सूज आणि दुखणं कमी करणारं मेलॉक्सिकॅमसारखं औषध द्यायचं, सड पूर्ण रिकामा करत राहायचं आणि अँटिबायोटिकसाठी चोवीस तास थांबायचं. चोवीस तासांनी गाईचं काही बिघडत नाही म्हणाले. नमुन्यात काहीच उगवलं नाही असं बऱ्याचदा होतं, म्हणजे गाईनं स्वतःच जंतू मारलेला असतो, तिथं अँटिबायोटिक देऊन काय करणार.

हे ऐकून सभेत गडबड. चोवीस तास थांबा हे कुणाला पटेना. मला इथल्या जाणकारांना विचारायचंय की हे बरोबर आहे का, आणि माझ्या गाईचं आता काय करू?

---

स्पष्टवक्ता

थांबायचं वगैरे ठीक आहे शहरातल्या डॉक्टरांना. मुळात गाईला एकाच औषधाची सवय होते म्हणून ते लागू पडत नाही. दर वेळी औषध बदललं पाहिजे, तुम्ही बदललंत तेच बरोबर केलंत. आणि दुधाचं म्हणाल तर आपण दूध उकळतो, उकळल्यावर सगळं जातं. उगाच घाबरवतात.

---

पेट्रीडिश

स्पष्टवक्ता, अर्धं बरोबर आहे तुमचं. उकळल्यावर जंतू मरतात हे खरं. पण औषध उकळून जात नाही, पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तर उकळी आणि पाश्चरायझेशन दोन्हीतून बऱ्यापैकी शाबूत निघतात. आणि सवय गाईला होत नाही हो, बदलतो तो जंतू. सडात कोट्यवधी जंतू असतात, त्यातले थोडे आधीपासूनच त्या औषधाला दाद न देणारे असतात, औषधानं बाकीचे मेले की ह्यांना मोकळं रान. दर वेळी औषध बदललं तर दर वेळी नवी चाळणी लावल्यासारखं होतं आणि शेवटी चारही चाळण्यांतून पार होणारा उरतो.

(मी जनावरांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत बारा वर्षं काम केलंय, आता नाही करत.)

धागाकर्त्याला, डॉक्टरांनी चोवीस तास थांबा म्हटलं ते योग्यच आहे, पण त्यात एक अट आहे जी सभेत कुणी ऐकली नसेल. रिपोर्ट चोवीस तासांत यायला हवा. उगवलं की नाही आणि साधारण कुठल्या गटातला जंतू एवढं चोवीस तासांत कळतं. कुठलं औषध चालेल ते कळायला आणखी एक दिवस, कधी दोन. तुमच्या गावातून नमुना प्रयोगशाळेत पोचायलाच दीड दिवस लागणार असेल तर हे सगळं कागदावर राहतं.

तुमच्या गाईचं वर्णन वाचून मला स्टॅफ ऑरियस हा जंतू वाटतोय. परत परत येणं, मधे दूध साफ, हळूहळू सड कडक होत जाणं. पण हे वाटणं आहे, नमुन्याशिवाय मीसुद्धा तुमच्या त्या गाववाल्या माणसाइतकाच आंधळा.

---

म्हसवडकर

आमच्यात दगडी झाली की पहिल्यांदा कासेला गेरू फासतात नाय तर वारूळाची माती. बरी व्हती कधी कधी. आता हे चोवीस तास न्हाय थांबलं तर काय व्हतंय सांगा की राव सरळ. इंजेक्शान मारलं तर गाय मरती का?

---

पेट्रीडिश

नाही मरत. म्हणूनच तर सगळे मारतात.

---

फॅट_३_५

मी एका संस्थेचा सचिव आहे, सकाळ-संध्याकाळ मिळून दोन हजार लिटरचं संकलन, बल्क कूलर आमचाच. दुधाच्या बाजूनं सांगतो कारण आमच्यात दुधात औषध सापडून दोनदा टँकर परत आलाय आणि शेतकऱ्याला वाटतं की डेअरीवाले भाव पाडायला नाटक करतात.

हिशोब बघा. समजा एका ट्यूबमध्ये २०० मिलिग्रॅम औषध आहे. पुढच्या धारेला त्यातलं निम्मंच बाहेर आलं असं धरू, १०० मिलिग्रॅम. ते दूध दोन हजार लिटरच्या कूलरमध्ये पडलं तर लिटरला ५० मायक्रोग्रॅम झालं. पेनिसिलिनची दुधातली मर्यादा लिटरला ४ मायक्रोग्रॅम. बारा पट! ती पातळी ४ वर आणायला तेच दूध पंचवीस हजार लिटरमध्ये मिसळावं लागेल, म्हणजे आख्खा मोठा टँकर. एका गाईच्या एका सडाचं एका वेळचं दूध आणि दोनशे लोकांचं दूध ओतून द्यायचं.

आणि लोक काय करतात, ज्या सडात ट्यूब घातली त्याचं दूध बाजूला काढतात अन् बाकी तीन सडांचं डेअरीला घालतात. औषध रक्तात जातं आणि बाकीच्या सडांत पण उतरतं. चारही सडांचं दूध डेअरीला न घालता बाजूला धरायचं असतं.

---

ठाणेकर_आई

बापरे. म्हणजे आम्ही पिशवीचं दूध घेतो त्यात हे असतं का? माझ्या मुलाला सारखा सर्दी-खोकला होतो आणि डॉक्टर म्हणाले की साधं अँटिबायोटिक लागू पडत नाहीये. दुधामुळे असेल का? गायीचं बंद करून ए२ चालू करू का?

---

पेट्रीडिश

ताई, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होताहेत, सभेतपण हेच होतं. एक म्हणजे दुधात उरलेलं औषध. दुसरी म्हणजे औषधाला न जुमानणारा जंतू. डेअरीत दुधात पट्टी बुडवून जे तपासतात ते पहिलं. दुसरं कुठल्याच पट्टीत दिसत नाही, आणि ते तुमच्या पिशवीतून यायची शक्यता कमी कारण पाश्चरायझेशनमध्ये जंतू मरतात. तो जास्त करून गोठ्यातून पसरतो, शेणातून, धार काढणाऱ्याच्या हातातून, कच्च्या दुधातून. सर्दी बहुतेक वेळा विषाणूची असते, त्याला कुठलंच अँटिबायोटिक लागू पडत नाही. ए२चा ह्याच्याशी काही संबंध नाही, ए२वाल्या गाईलाही दगडी होते. मुलाचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

---

बाणगंगाकाठ

@फॅट_३_५ पट्टीचा विषय निघाला म्हणून सांगतो, सभेत सगळ्यात मोठी गरमागरमी इथंच झाली. एका पोरानं उठून सरळ विचारलं की डॉक्टर, एन्रो मारलं तर पट्टीत येत नाही, मग एन्रोच का नको? डॉक्टर दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले हेच माझं दुखणं आहे.

---

फॅट_३_५

पोरगं खरं बोललं. आमच्याकडे जी स्वस्तातली पट्टी आहे ती दोन गटांची, पेनिसिलिनचा गट आणि टेट्रासायक्लिनचा. दहा मिनिटांत रेषा दिसते. एन्रो त्यात पकडलंच जात नाही, त्याची पट्टी वेगळी आणि महाग. हे गावात पसरायला आठ दिवस लागले नाहीत. दुसरी एक चाचणी असते, जांभळ्या रंगाच्या छोट्या नळीत दूध टाकून चौसष्ट अंशावर जवळपास तीन तास ठेवायचं, आतला जंतू वाढला तर रंग पिवळा होतो, औषध असलं तर जांभळाच राहतो. पण तीन तास टँकर कोण थांबवणार? आणि त्यातही एन्रो कमी प्रमाणात असेल तर निसटतं.

---

पेट्रीडिश

आणि ह्याचा परिणाम उलटा होतो. पट्टी पेनिसिलिन पकडते म्हणून लोक पेनिसिलिन सोडतात, जे खरं तर दगडीच्या कित्येक जंतूंवर अजून उत्तम चालतं (स्ट्रेप अगॅलॅक्टिए तर त्यानंच मरतो), आणि जातात एन्रो नाही तर सेफ्ट्रायॅक्सोनकडे. ही दोन घराणी माणसांच्या हॉस्पिटलात गंभीर आजारांना लागणारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत दोन्ही सगळ्यात वरच्या पायरीवर आहेत, म्हणजे जपून ठेवा अशी. आपण ती पहिल्या दिवशी, ताप नसलेल्या गाईला, दोन इंजेक्शनं मारून अर्ध्यावर सोडतो.

कोलिस्टिन हे तसलंच अँटिबायोटिक २०१९ला सरकारनं खाद्यासाठीच्या जनावरांत बंदच केलं. एन्रोचं तसं नाही, ते जनावरांसाठीच विकलं जातं.

---

औषधवाला

मेडिकलवाल्यांना शिव्या पडायच्या आत बोलतो. माझं तालुक्याच्या गावी जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. चिठ्ठीशिवाय देऊ नये हे माहीत आहे, सेफ्ट्रायॅक्सोन तर शेड्यूल एच वनमध्ये आहे, वहीत नोंद ठेवावी लागते. पण माणूस रात्री नऊला येतो, गाय ओरडतेय, पशुवैद्यक तीन गावांना एक आहे आणि तो लसीकरणाला गेलाय. मी नाही दिलं तर समोरचा देणार. मग मी काय करतो, निदान वेष्टनावर दूध किती दिवस धरायचं ते पेनानं गोल करून देतो. ते कोण वाचत नाही ही वेगळी गोष्ट.

आणखी एक, गाय आटवताना, म्हणजे विण्याआधी तिचं दूध बंद करताना, सडात सोडायची ट्यूब वेगळी असते आणि दुभत्या गाईची वेगळी. आटवायच्या ट्यूबचं औषध आठवडेच्या आठवडे कासेत राहावं म्हणूनच बनवलेलं असतं. गेल्या उन्हाळ्यात एकानं तीच दुभत्या गाईला घातली, दोन्ही खोकी सारखीच दिसतात. दीड महिना त्याचं दूध पट्टीवर येत होतं, त्याला कळेना का.

---

शेणामेणाची

मी धार काढते, माझ्या सात गाई आहेत, नवरा नोकरीला. तुम्ही सगळे औषधावर बोलताय पण मला भाषणातलं (आमच्याकडेही हेच डॉक्टर येऊन गेले बहुतेक, बोलण्यावरून वाटतंय) वेगळंच उपयोगी पडलं. ते पॅडल. चार वाट्यांची प्लास्टिकची थाळी, प्रत्येक सडाची धार एकेका वाटीत, तेवढंच ते निळसर-जांभळं द्रावण, गोल गोल फिरवायचं. चांगलं दूध पातळ राहतं, आतून सूज असलेल्या सडाचं चिकट होतं, जास्त असेल तर जेलीसारखा गोळा मधोमध जमतो. दूध दिसायला एकदम चांगलं असतं बरं का. माझ्या सातांपैकी तीन गाईंत एकेक सड असा निघाला आणि मला काहीच माहीत नव्हतं.

त्या तिघींना औषध नाही दिलं मी. डॉक्टर म्हणाले दुभत्या काळात असल्या लपलेल्या दगडीला अँटिबायोटिक देऊ नका, आधी धार काढायचा क्रम बदला. म्हणजे निरोगी गाई आधी, ह्या तिघी शेवटी. धार झाली की लगेच सड आयोडीनच्या कपात बुडवायचे आणि अर्धा तास बसू द्यायचं नाही, पुढ्यात वैरण टाकायची म्हणजे उभी राहते. आधी मी एकच फडकं सगळ्यांना वापरत होते! आता प्रत्येकीला वेगळं. दोन महिन्यांनी परत पॅडल केलं तर तिघींतली एक सुटली होती, दोघी तशाच.

आणि कोरफड-हळद-चुना पण करते मी, २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना वाटून दिवसातून आठ-दहा वेळा लावायचं, पाच दिवस. एनडीडीबीचे, म्हणजे राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाचे, लोक सांगून गेलेले. मला फरक पडतो.

---

स्पष्टवक्ता

बघा. मी काय म्हणत होतो, आपल्या पूर्वजांचं सोडून इंजेक्शनं कशाला पाहिजेत.

---

पेट्रीडिश

लेपाबद्दल माझं मत पूर्ण पक्कं नाही. सूज उतरते हे मी पण पाहिलंय. पण सौम्य दगडीतल्या बऱ्याच गाई काही न करता पण बऱ्या होतात, मग श्रेय लेपाला द्यायचं की गाईला? आणि दिवसातून आठ वेळा लेप लावायचा म्हणजे आठ वेळा कास धुणं, आठ वेळा बघणं, तोही उपचारच आहे एक. पहिल्या-दुसऱ्या पायरीत करून बघायला हरकत नाही. तिसऱ्या पायरीतली, कान गार पडलेली गाय समोर असताना कोरफड वाटत बसू नका एवढंच.

---

उत्रेख्तहून

इकडे नेदरलँडमध्ये डेअरी उपकरणांच्या कंपनीत आहे. इथं पूर्वी प्रत्येक गाय आटवताना चारही सडांत अँटिबायोटिक सोडायचे, सरसकट. साधारण २०१३पासून ते सरसकट सोडणं बंद, आता आटवायच्या आधी त्या गाईच्या दुधातल्या, सूज असली की वाढणाऱ्या पेशी मोजतात. पहिल्या वेताच्या गाईला मिलिलिटरमागे दीड लाखाच्या वर आणि पुढच्या वेतांना पन्नास हजाराच्या वर असेल तरच ट्यूब. देशातली जनावरांसाठीची अँटिबायोटिकची विक्री २००९च्या मानानं निम्म्याहून खाली आली. आपल्याकडे का होऊ नये?

---

फॅट_३_५

दादा तुमच्याकडे प्रत्येक गाईच्या पेशी मोजल्या जातात, आमच्याकडे प्रत्येक गाईचं दूध मोजलं जात नाही, प्रत्येक *घराचं* मोजलं जातं. दोन-तीन गाईंचं एका किटलीत. फॅट, एसएनएफ बघायचं आणि ओतायचं. पेशी मोजायला कोण पैसे देणार, कुणाला फॅटच्या पॉइंटइतका बोनस मिळतो का त्याचा?

---

पेट्रीडिश

शिवाय तिकडे न सुधारणारी गाय कळपातून काढतात, कत्तलखान्यात जाते. इथं गाईची कत्तल राज्यात १९७६च्या कायद्यानंच बंद आहे. मग स्टॅफवाली गाय जाते कुठं? बाजारात. घेणाऱ्याला कुणी सांगत नाही, आणि तो तिला आपल्या चांगल्या गाईंशेजारी बांधतो. औषधाला दाद न देणारा जंतू आठवडी बाजारातून तालुकाभर फिरतो ह्याबद्दल सभेत कधी कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. मला ह्याच्यावर उत्तर नाही, फक्त लिहितोय.

---

म्हसवडकर

आता कळलं माझी मागच्या साली घेतलेली गाय असली का निगाली ते.

---

बाणगंगाकाठ

मंडळी अपडेट. पेट्रीडिश यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं तसा नमुना घेतला. ज्यांना करायचाय त्यांच्यासाठी लिहितो, कारण मी पहिल्यांदा चुकवला. कास धुऊन पूर्ण कोरडी करायची, ओल्या कासेवरून थेंब पडला की नमुना गेला. सडाचं टोक स्पिरिटच्या कापसानं घासायचं, कापूस पांढरा निघेपर्यंत. पहिल्या तीन-चार धारा बाहेर सोडायच्या. निर्जंतुक बाटली आडवी धरायची, उभी धरली की वरून केस-शेण पडतं, झाकण हातातच, आतला भाग खाली ठेवायचा नाही. चमचाभर दूध पुरतं. बाटलीवर गाय आणि सड लिहायचा. बर्फाच्या डब्यात घालून मी स्वतः मोटरसायकलवर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन दिला, पहिल्या वेळी चार प्रकारचे जंतू उगवले म्हणजे नमुनाच घाण होता, दुसऱ्यांदा नीट गेला.

रिपोर्ट आला. स्टॅफ ऑरियस. पेनिसिलिनपुढे आर म्हणजे जंतू दाद देत नाही, एन्रोपुढे आर, ऑक्सिटेट्रापुढे एस म्हणजे दाद देतो, अजून एक-दोन एस. आता मला सांगा, ऑक्सिटेट्रा मी दिलं होतं की! एस आहे म्हणजे चालायला हवं होतं ना? की प्रयोगशाळा चुकली?

---

पेट्रीडिश

प्रयोगशाळा चुकली नाही. ताटलीवर जंतू उघड्यावर असतो, औषधाची चकती शेजारी ठेवलेली. कासेत तो उघड्यावर नाही. स्टॅफ आतल्या मांसात घुसतो, भोवती गाठ तयार होते, काही तर गाईच्याच पेशींच्या आत जाऊन बसतात, तिथं औषध पुरेसं पोचत नाही. म्हणून आर म्हणजे नक्की चालणार नाही, पण एस म्हणजे चालेलच असं नाही. चार महिने जुनं, मागचा सड, तिसरं वेत, कडक झालेला, ह्या चारही गोष्टी बरं होण्याच्या विरोधात जातात. नवीन दगडीत, पहिल्या वेताच्या गाईत हाच रिपोर्ट असता तर मी पाच दिवस सलग करून बघा म्हटलं असतं.

आणि एन्रोपुढे आर आलंय ते तुमच्या तीन दिवसांच्या एन्रोमुळेच असं म्हणता येणार नाही, तो जंतू आधीपासून तसा असू शकतो. आधीचा रिपोर्ट नाही त्यामुळे कधीच कळणार नाही.

आता माझं मत विचाराल तर त्या सडावर आणखी औषध घालू नका. तो सड कायमचा बंद कसा करायचा ते तुमच्या डॉक्टरांकडून करून घ्या, गाय तीन सडांवर चालवा, धार शेवटी काढा.

---

औषधवाला

तीन सडांवर अकरा लिटर म्हणजे वाईट नाही.

---

बाणगंगाकाठ

हो तेच ठरवतोय. पण एक गोष्ट मला आता खटकतेय. चार महिने दर वेळी औषधाच्या काळातलं दूध मी डेअरीला घातलं नाही, एवढा शहाणपणा होता. सगळं वासराला पाजलं. कालवड आहे, पाच महिन्यांची. फुकट कशाला घालवा म्हणून.

---

पेट्रीडिश

सगळेच करतात. त्या दुधात थोडं थोडं औषध, शिवाय सडातला जंतू, आणि वासराच्या आतड्यात हा असा रतीब रोज. औषधाला न जुमानणारे जंतू तिच्या शेणात वाढतात, हे बऱ्याच ठिकाणी तपासून दिसलंय. उकळून पाजलं तर जंतू मरतो पण औषध राहतं, वर तोच मुद्दा. कालवड आजारी पडेल असं नाही, पण उद्या तिला हगवण लागली तर साधं औषध चालेल ह्याची खात्री नाही.

---

शेणामेणाची

मग ओतायचं कुठं? उकिरड्यावर ओतलं तर कुत्री पितात, गोबरगॅसमध्ये घातलं तर गॅस कमी येतो असं आमच्या शेजाऱ्याचं म्हणणं आहे. डॉक्टरांना विचारलं तर खड्डा काढून ओता म्हणाले विहिरीपासून लांब. रोज खड्डा?

---

पेट्रीडिश

गॅस कमी येऊ शकतो, आतल्या जंतूंवरच औषधाचा मार बसतो. बाकी ह्यावर माझ्याकडेही खड्ड्यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

---

फॅट_३_५

सगळं पटतंय पण पैशाचं कोणी बोलत नाही. १४ लिटरची गाय, तीन दिवस उपचार आणि वेष्टनावर समजा चार दिवस दूध धरा लिहिलंय. वेष्टनावर तपासलेला काळ नसेल तर नियमानं दुधाला कमीत कमी सात दिवस धरायचे, २०१२पासून आहे ते. पण चारच धरा. सात दिवस गुणिले १४, ९८ लिटर, ३३ रुपयांनी तीन हजार दोनशे. दोन औषधं दिली असतील तर ज्याचे दिवस जास्त ते मोजायचे, डोस वाढवला तर वेष्टनावरचा आकडाच खोटा. ज्याच्याकडे दोनच गाई आहेत तो ओतणार का? आम्ही संचालक मंडळात मांडलं की जो स्वतःहून येऊन सांगेल त्याला संस्थेनं निम्मी भरपाई द्यावी, एक टँकर परत आला तर ह्याच्या वीसपट जातात. एकजण म्हणाला मग गावात सगळ्यांच्याच गाईंना दगडी होईल. विषय पुढच्या बैठकीवर.

---

म्हसवडकर

त्येचं म्हणणं बी खोटं न्हाय 😄

---

फॅट_३_५

पॅडल आणि द्रावण मात्र संस्थेच्या खर्चानं दहा घेतलीयत, धार काढणाऱ्या बायकांना बोलावून दाखवणार आहोत, मागच्या भाषणाला सगळे बाप्येच आले होते. शेणामेणाची ताई, तुम्ही फलटण भागातल्या असाल तर दाखवायला याल का? डॉक्टर बोलून जातात, हात फिरवून दाखवणारं कुणी नसतं.

---

शेणामेणाची

येईन, पण दुपारी. सकाळ-संध्याकाळ धारा असतात.